प्रश्न 19 चे दीड गुण: फेरतपासणीच्या एका विनंतीचं प्रकरण

पार्श्वभूमी

मी तालुक्याच्या गावातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात बारावी विज्ञानला भौतिकशास्त्र शिकवतो. आमच्याकडे दोन तुकड्या आहेत आणि एकेका तुकडीत साधारण 80 मुलं. विषयाला शिक्षक दोनच, मी आणि एक मॅडम. बोर्डाच्या परीक्षेआधी जानेवारीत सराव परीक्षा होते, तेव्हा आम्ही गठ्ठे बदलून तपासतो. माझ्या तुकडीचे पेपर मॅडम तपासतात, त्यांच्या तुकडीचे मी. ओळखीचं अक्षर दिसलं की हात सैल पडतो किंवा उगाच कडक होतो, म्हणून ही पद्धत आम्ही ठरवून घेतली.

पेपर बोर्डाच्याच आराखड्याचा, 70 गुणांचा. क विभागात तीन-तीन गुणांचे 12 प्रश्न असतात आणि त्यांतले आठ सोडवायचे असतात. हे प्रकरण त्याच विभागातल्या प्रश्न 19 चं आहे. प्रश्न इंग्रजीत होता, त्याचा आशय असा: एक भरीव गोल 30 अंशांच्या उतरणीवरून स्थिर स्थितीतून न घसरता गडगडत खाली येतो. उतरणीची लांबी 2.8 मीटर आहे. तळाशी त्याचा वेग काढा. (g = 9.8 m/s²)

नमुना उत्तर मी लिहिलं होतं, म्हणून या प्रकरणातली पहिली चूक माझी आहे. मी ते एकाच रीतीने, ऊर्जेच्या अक्षय्यतेने सोडवलं होतं. उंची 1.4 मीटर येते, भरीव गोलासाठी K²/R² ची किंमत 2/5 असते, म्हणून v² = 10gh/7 = 19.6 आणि v = 4.43 m/s. गुणांची विभागणीही मी त्याच रीतीला बांधून टाकली: ऊर्जेचं समीकरण मांडलं की एक गुण, उंची आणि K²/R² च्या किमती घातल्या की एक, एककासह उत्तर आलं की एक.

अडचण काय होती

माझ्या तुकडीतल्या एका मुलीला पेपरात 51 गुण पडले. प्रश्न 19 ला तिला तीनपैकी एक गुण होता. शेवटच्या उत्तराशेजारी लाल शाईत 1 आणि वरच्या चार ओळींवर एक लांब तिरकी रेघ. शेरा काहीच नाही.

तिने ऊर्जेची रीत वापरली नव्हती. उतरणीवरून गोलाला खाली खेचणारं बल आणि त्याच्या उलट दिशेचं घर्षण मांडून mg sinθ − f = ma लिहिलं होतं. मग घर्षणामुळे गोल फिरतो म्हणून fR = Iα लिहून त्यावरून f = (2/5)ma काढलं. दोन्ही समीकरणं एकत्र करून a = (5/7)g sinθ = 3.5 m/s² आणि पुढे v² = 2as, म्हणजे 2 × 3.5 × 2.8 = 19.6. वेग 4.43 m/s.

रेघ का ओढली गेली, हे मला पेपर बघताक्षणी कळलं. दरवर्षी निम्मी मुलं गडगडणाऱ्या गोलाला घसरणारा ठोकळा समजून v² = 2as लावतात. घर्षण आणि फिरणं विसरून a = g sinθ धरतात. त्यामुळे या प्रश्नाखाली v² = 2as दिसलं की तपासणाऱ्याचा हात सवयीने रेघ ओढतो. दिवसाला 30 ते 40 पेपर हातावेगळे करताना प्रत्येक ओळ वाचली जात नाही, डोळा नमुना उत्तरातल्या खुणा शोधत असतो. मॅडमना ऊर्जेचं समीकरण दिसलं नाही, 2as दिसलं, उत्तर मात्र बरोबर दिसलं. म्हणून एक गुण.

पेपर दाखवायचा तास म्हणजे आमच्याकडे गलका असतो. टेबलाभोवती कोंडाळं होतं आणि "सर, इथे अर्धा द्या ना" सुरू होतं. त्या गर्दीत मी कुणालाच नीट उत्तर देऊ शकत नाही. त्या दिवशी मी एवढंच सांगितलं, की ज्यांना काही विचारायचं आहे त्यांनी दोन दिवसांत कागदावर लिहून द्यावं. पेपर मुलांनी बघून परत द्यायचे असतात, म्हणून ज्यांना हवं त्यांनी आपलं उत्तर वहीत उतरवून घ्यावं, असंही सांगितलं. ती मुलगी टेबलापाशी आलीच नाही. बाकावर बसून प्रश्न 19 उतरवून घेत होती.

पहिला मसुदा

दुसऱ्या दिवशी तिने वहीतलं पान फाडून चार घड्या घालून दिलं. त्या पानाच्या मागच्या बाजूला तिचाच आधीचा मजकूर होता, आडव्या रेघांनी खोडलेला, पण वाचता येणारा. तिची परवानगी घेऊन तो इथे देतो, कारण या प्रकरणातला सर्वांत मोठा निर्णय त्या दोन बाजूंच्या मध्ये झाला आहे.

"सर, मला प्रश्न 11, 19 आणि 25 ला खूप कमी मार्क्स मिळाले आहेत. माझी उत्तरं बरोबर आहेत. माझ्या मैत्रिणीने 19 वा प्रश्न सोडवलाय आणि तिचंही उत्तर 4.43 च आहे, तिला 3 पैकी 3 आहेत. मी या विषयाचा खूप अभ्यास केला होता. प्लीज मार्क्स वाढवून द्या."

यात उद्धट काही नाही. तरी हा कागद माझ्या हातात आला असता तर मी बहुधा "बघतो" म्हणून खिशात ठेवला असता आणि तो तिथेच राहिला असता. तीन प्रश्न सांगितले आहेत, पण कुठल्याही उत्तरातली एक ओळही दाखवलेली नाही. म्हणजे मला पुन्हा गठ्ठा काढून, तीन उत्तरं वाचून, तिला काय खटकलं असेल याचा अंदाज बांधावा लागला असता. अभ्यास किती केला हे मला मान्यच आहे, पण गुण कागदावरच्या उत्तराला असतात. मैत्रिणीचा दाखला तर सरळ आडवाच येतो. मैत्रिणीने ऊर्जेची रीत वापरली होती, त्यामुळे तुलनेतून काही सिद्ध होत नाही. उलट मला तिच्या परवानगीशिवाय तिसऱ्याच मुलीचा पेपर उघडावा लागला असता. आणि शेवटचं वाक्य पुन्हा तपासायला सांगत नाही, निकालच मागतं. पुन्हा बघा म्हटलं तर मी लगेच बघतो. वाढवून द्या म्हटलं की आधी माझ्या मनात "का म्हणून?" उभं राहतं.

हा मजकूर तिने का खोडला, ते मी नंतर विचारलं. ती म्हणाली, "सर, लिहिता लिहिता 11 वा परत सोडवून बघितला, तर माझंच चुकलेलं निघालं." तो प्रश्न एका बाजूने बंद असलेल्या नळीतल्या हवेच्या कंपनांचा होता. नळीचा आतला व्यास दिलेला होता, म्हणजे लांबीत 0.3d ची टोक-दुरुस्ती मिळवणं अपेक्षित होतं. ती विसरली होती. एक तक्रार अशी पोकळ निघाल्यावर तिने तिन्ही प्रश्नांकडे परीक्षकाच्या नजरेने बघितलं. 11 सोडून दिला. 25 बद्दल खात्री वाटेना, म्हणून तोही सोडला. उरला एकच.

दिलेली विनंती

"आदरणीय सर,

सराव परीक्षेतल्या प्रश्न 19 (उतरणीवरून गडगडणारा गोल) बद्दल विनंती आहे. मला 3 पैकी 1 गुण मिळाला आहे. मी ऊर्जेऐवजी बल आणि टॉर्कची समीकरणं वापरली आहेत. माझ्या पायऱ्या अशा आहेत:

mg sinθ − f = ma
fR = Iα, म्हणून f = (2/5)ma
a = (5/7)g sinθ = 3.5 m/s²
v² = 2as = 19.6, v = 4.43 m/s

प्रश्नात ठरावीक रीत वापरायला सांगितलेली नाही, असं मला वाटतं. मी गोल घसरतोय असं धरलं असतं तर a = 4.9 आणि v = 5.24 m/s आलं असतं. माझं उत्तर फळ्यावरच्या उत्तराशी जुळतं, त्यामुळे रीत बरोबर असावी. पण एखादी पायरी राहिली असेल किंवा ही रीत चालत नसेल, तर कृपया सांगावं, म्हणजे बोर्डाच्या पेपरात मी ती लिहिणार नाही.

आपल्याला वेळ होईल तेव्हा हा एक प्रश्न पुन्हा पाहावा ही विनंती."

खाली तुकडी, बैठक क्रमांक आणि उत्तरपत्रिकेचं पान.

हे वाचताना मी दोन ठिकाणी थांबलो. पहिलं ठिकाण 5.24 चं. रेघ ज्या संशयाने ओढली गेली, तो संशय तिने स्वतःच ओळखून आकड्याने खोडून काढला होता. घसरणारा ठोकळा धरून कितीही नीट गणित केलं तरी 4.43 येत नाही. त्यामुळे "चुकीच्या रीतीने योगायोगाने बरोबर उत्तर आलं" असं म्हणायला जागा उरत नव्हती, आणि हे सगळं तपासणाऱ्याकडे बोट न दाखवता सांगितलेलं होतं.

दुसरं ठिकाण म्हणजे "चालत नसेल तर सांगावं". सराव परीक्षेचे गुण बोर्डाच्या निकालात धरले जात नाहीत. ही रीत लिहावी की नाही, हा प्रश्न मात्र तीन आठवड्यांनी खराच तिच्यासमोर येणार होता. तिला जे हवं होतं ते मी गुण न वाढवताही देऊ शकलो असतो, आणि त्यामुळे माझ्या मनावरचा ताणही गेला. विनंती नाकारायची वेळ आली असती तरी ती रिकाम्या हाताने परत गेली नसती.

माझ्यापुढचे पर्याय

सर्वांत सोपं म्हणजे तिथेच पेपर काढून 1 चा 3 करणं. उत्तर बरोबर होतं, मला पटलं होतं, आणि मुलगी समोर उभी होती. पण पेपर मॅडमनी तपासला होता. त्यांना न विचारता त्यांच्या लाल शाईवर माझी शाई चढली असती, तर गठ्ठे बदलण्याला काही अर्थच उरला नसता. शिवाय पटलेल्या मजकुरावर घाईने गुण देणं हीसुद्धा न वाचता तपासण्याचीच दुसरी तऱ्हा आहे.

नमुना उत्तरात ही रीत नाही, म्हणून नाही म्हणायचं, हाही मार्ग होता आणि अनेक ठिकाणी तोच घेतला जातो. प्रश्नात "ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम वापरून" असे शब्द असते तर तो बरोबरही ठरला असता, कारण मग रीत हाच प्रश्नाचा भाग झाला असता. मी प्रश्न पुन्हा वाचला. तसे शब्द नव्हते. मग नमुना उत्तराला प्रश्नापेक्षा जास्त मागायचा अधिकार नाही.

तिसरा मार्ग म्हणजे मॅडमकडे जाणं. मी थोडा कचरलो, हे मान्य करतो. सहकाऱ्याच्या तपासणीवर बोट ठेवण्यासारखं ते वाटतं. पण तिच्या पत्रात तक्रारीचा सूर नव्हता, त्यामुळे ते जसंच्या तसं पुढे करता आलं. पहिल्या मसुद्याची गोष्ट वेगळी झाली असती. मला आधी त्याचा सूर बदलून सांगावा लागला असता.

काय केलं

मधल्या सुट्टीत मी मॅडमसमोर तिचा पेपर आणि पत्र ठेवलं. त्यांनी पत्र वाचलं, मग पेपरातल्या चारही ओळींवरून बोट फिरवत गेल्या आणि म्हणाल्या, "सर, हे 2as बघूनच मी कापलंय." वाद असा झालाच नाही. मग आम्ही या रीतीसाठी गुणांची विभागणी नव्याने ठरवली: बलाचं आणि टॉर्कचं समीकरण मिळून एक गुण, न घसरण्याची अट वापरून a काढलं की एक, शेवटचा वेग एककासह एक.

तेव्हा मॅडमना एक गोष्ट दिसली, जी मला दिसली नव्हती. fR = Iα वरून मुलगी थेट f = (2/5)ma वर गेली होती. मध्ये α = a/R ही ओळ नाही. न घसरता गडगडण्याची अट म्हणजे नेमकी हीच ओळ. ती नसती तर कोनीय आणि रेषीय त्वरण जोडताच आलं नसतं. मुलीने ती मनात वापरली होती हे उघड आहे, पण कागदावर नव्हती. मॅडम अर्धा गुण कापण्यावर ठाम राहिल्या आणि मला त्यांचं म्हणणं पटलं. एकचे अडीच झाले. मी एकट्याने तिथेच तीन दिले असते, तर ही त्रुटी तिला कुणी सांगितलीच नसती.

मग मॅडमनीच विचारलं, "बाकीच्यांचं काय?" हा निर्णय मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. तिचा एकटीचा पेपर सुधारला असता, तर गुण रीतीला न मिळता विचारण्याला मिळाले असते. त्या संध्याकाळी आम्ही दोन्ही गठ्ठ्यांतला फक्त प्रश्न 19 उलटून पाहिला. जेमतेम तासभर लागला. माझ्या तुकडीत तिच्याशिवाय आणखी दोघांनी हीच रीत बरोबर वापरली होती आणि दोघांनाही एकच गुण होता. मॅडमच्या तुकडीत एका मुलाने ती वापरली होती, α = a/R च्या ओळीसकट, आणि मी त्याला तीनपैकी तीन दिले होते. मला आठवतही नव्हतं. एकच पेपर, एकच रीत, आणि गठ्ठा कुणाच्या हातात पडला यावर दोन गुणांचा फरक. घसरणारा ठोकळा धरून 5.24 काढणारी मुलं दोन्ही तुकड्यांत होती, त्यांच्या गुणांना आम्ही हात लावला नाही.

निकाल

उत्तरपत्रिका हातात होती, म्हणून तिच्या गुणांची बेरीज मी पुन्हा केली. प्रश्न 25 ला पायऱ्यांजवळ 1, अर्धा आणि अर्धा असे गुण होते, पण समासात बेरीज दीड लिहिली होती. खात्री नाही म्हणून तिने सोडून दिलेला प्रश्न तो हाच. उत्तर बरोबर की चूक हे ठरवण्यात ती गुंतली होती, समोरचे आकडे मिळवून बघायचं राहून गेलं. दीड आणि अर्धा मिळून 51 चे 53 झाले.

तिला बोलावून मी पेपर दाखवला. अर्धा गुण का कापला ते सांगताना तिने लगेच मान डोलावली आणि म्हणाली, "सर, ते मी गृहीतच धरलं." मग तिचा खरा प्रश्न आला: "मग बोर्डात कुठली लिहू?" मी सांगितलं, तुझी रीत चालते, पण पहिल्या ओळीत कुठली रीत वापरतेस ते शब्दांत लिही, आणि α = a/R ला स्वतंत्र ओळ दे. वेळ कमी असेल तर ऊर्जेची रीत घे, तिच्यात सुटण्यासारख्या पायऱ्या कमी आहेत.

पहिल्या ओळीत रीतीचं नाव लिहायला सांगण्यामागे कारण आहे. बोर्डाच्या परीक्षकाला असं पत्र देता येत नाही. तिथे निकालानंतर गुणपडताळणीचा अर्ज करता येतो, पण त्यात बेरीज चुकली आहे का आणि एखादं उत्तर तपासायचं राहिलं आहे का, एवढंच पाहतात. दिलेले गुण योग्य आहेत का, हा प्रश्न विचारायचा तर आधी उत्तरपत्रिकेची छायाप्रत घ्यावी लागते आणि मग ठरलेल्या मुदतीत पुनर्मूल्यांकनाचा अर्ज. तिच्या प्रश्न 25 सारखी चूक पडताळणीत सापडली असती. प्रश्न 19 सारखी सापडली नसती. म्हणून पत्रात जे सांगायचं ते उत्तरातच सांगून ठेवलेलं बरं.

वेगळं काय करता आलं असतं

तिच्या बाजूने दोनच गोष्टी. पेपर हातात आल्यावर आधी बेरीज करायला हवी होती. त्यासाठी विषय येण्याची गरज नसते, आणि ती चूक दाखवायला पत्रही लागत नाही. दुसरं, उत्तर वहीत उतरवताना तिने रीत बरोबर आहे का एवढंच पाहिलं, कागदावर काय उमटलं नाही ते पाहिलं नाही. α = a/R ची ओळ राहिल्याचं पत्रात तिनेच लिहिलं असतं, तर मला ते जास्त आवडलं असतं, आणि गुण तेवढेच मिळाले असते.

माझ्या बाजूने यादी मोठी आहे. या प्रश्नाला दोन प्रचलित रीती आहेत हे मला माहीत होतं. वर्गात मी दोन्ही शिकवतो. तरीही नमुना उत्तरात एकच लिहिली, कारण ते रात्री अकराला घाईने संपवलं होतं. आता तपासणी सुरू करण्याआधी आम्ही दोघं पहिले दहा-दहा पेपर शेजारी बसून तपासतो आणि वेगळी रीत सापडली की तिचे गुण तिथेच ठरवतो. नुसती रेघ न ओढता "रीत?" एवढा एक शब्द तरी लिहायचा, हेही ठरलंय. तो शब्द असता तर मुलीला संशय कशाचा आहे ते ओळखत बसावं लागलं नसतं.

एक गोष्ट मात्र मला अजून नीट सोडवता आलेली नाही. लेखी विनंती द्या म्हटल्यावर दोन दिवसांत माझ्याकडे चार कागद आले. तीन "मार्क्स वाढवा" असे होते, चौथा तिचा. माझ्या तुकडीतले जे इतर दोघं तिच्याच रीतीने गेले होते, त्यांच्यापैकी कुणाचाच कागद नव्हता. त्यांच्यातल्या एका मुलाला मी दुसऱ्या दिवशी व्हरांड्यात थांबवून सांगितलं, की तुझे दीड गुण वाढलेत, तुझी रीत बरोबर होती. तो थोडा वेळ बघतच राहिला. मग म्हणाला, "सर, मला वाटलं मीच चुकलो. मी ती रीत वहीतून खोडून टाकली."